विश्लेषण : शेड्यूल केलेली पोस्ट ‘गेली’, पण लोकांना दिसली का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरात पाणीपुरवठा बंद असण्याची सूचना, लोकलचा मेगाब्लॉक, नगरपालिकेच्या सभेचा विषय अशी माहिती आता बहुतेकांना स्थानिक फेसबुक पेज, इन्स्टाग्राम खाते किंवा यूट्यूब चॅनेलवरूनच कळते. ही पेजेस चालवणारे अनेक जण पोस्ट आधीच तयार करून वेळ लावून ठेवतात. ठरलेल्या वेळी ‘पब्लिश्ड’ असा संदेश आला की काम झाले, असे समजले जाते. मात्र त्यानंतर तासाभरात ती पोस्ट गुपचूप काढली गेली किंवा तिचा प्रसार रोखला गेला, तर ते पेज चालवणाऱ्याला कळतेच असे नाही. ते ओळखायचे कसे?

‘पब्लिश्ड’ या संदेशाचा अर्थ काय?

वेळ लावून पोस्ट टाकणारे साधन ठरलेल्या क्षणी प्लॅटफॉर्मकडे मजकूर पाठवते. प्लॅटफॉर्मने तो स्वीकारला की पोस्टला एक क्रमांक मिळतो आणि साधन ‘पब्लिश्ड’ अशी नोंद करते. ही नोंद फक्त त्या एका क्षणाची असते. पुढे स्पॅम ओळखणारी यंत्रणा, वापरकर्त्यांच्या तक्रारी किंवा सरकारी आदेश यांमुळे पोस्टचे काय झाले, हे तपासण्यासाठी बहुतेक साधने परत जात नाहीत. हाताने टाकलेल्या पोस्टकडे माणूस निदान प्रतिक्रिया पाहण्यासाठी वळतो. वेळ लावलेल्या पोस्टकडे मात्र अनेकदा कुणीच पाहत नाही.

दुसरी अडचण म्हणजे स्वतःच्या फोनवर सगळे ठीक दिसू शकते. यूट्यूबवर एखाद्या चॅनेलने एखाद्या वापरकर्त्याला ‘लपवले’, तर त्याची प्रतिक्रिया इतरांना दिसत नाही, पण त्याला स्वतःला ती दिसत राहते. त्यामुळे लॉग-इन असलेल्या खात्यातून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. पाहायचे असते ते अनोळखी वाचकाच्या नजरेने.

असे खरोखर घडते का?

घडते, आणि त्याचे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार पूर्ण काढून टाकण्याचा. मार्च २०२० मध्ये फेसबुकच्या स्पॅमविरोधी यंत्रणेतील बिघाडामुळे करोनाविषयीच्या विश्वासार्ह बातम्यांच्या पोस्टही स्पॅम ठरून हटवल्या गेल्या. कंपनीने चूक मान्य करून त्या परत आणल्या.

दुसरा प्रकार फक्त एका देशात रोखण्याचा. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीदरम्यान निवडणूक आयोगाच्या आदेशानंतर ‘एक्स’ने राजकीय पक्ष आणि नेत्यांच्या काही पोस्ट भारतात रोखल्या. आदेशाशी आपण सहमत नसल्याचेही कंपनीने जाहीर केले. त्या पोस्ट भारताबाहेर उपलब्ध होत्या.

तिसरा प्रकार सर्वात फसवा. पोस्ट जागेवर असते, पण तिथे पोहोचण्याची वाट बंद होते. एप्रिल २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी करणारा एक हॅशटॅग फेसबुकवर काही तास लपवला गेला. तो चुकून रोखला गेल्याचे कंपनीने नंतर सांगितले. अशा वेळी हॅशटॅगने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, मात्र पोस्टची थेट लिंक उघडू शकते.

तपासणी नेमकी कशी करावी?

पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर तिची थेट लिंक कॉपी करून ठेवावी. नंतर ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत, पत्त्याच्या जागी चिकटवून उघडावी. लिंकवर नुसते बोट ठेवले तर फोन बहुतेक वेळा थेट अ‍ॅप उघडतो. अ‍ॅपमध्ये आपले खाते सुरू असते आणि तपासणी फसते.

हे एकदा करून भागत नाही. पोस्ट गेल्यानंतर साधारण १५ मिनिटांनी, दोन-तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी अशा किमान तीन वेळा पाहावे. पहिल्या तपासणीत पोस्ट नीट गेली होती की नाही ते कळते, पुढच्या दोन तपासण्यांत ती टिकली की नाही ते.

प्रत्येक वेळी सोबत तुलनेसाठी आणखी एक लिंक उघडावी. आपल्याच पेजची, पूर्वी निर्विवाद सर्वांना दिसलेली एखादी जुनी पोस्ट त्यासाठी चालते. कारण लॉग-इन नसलेल्या वाचकाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ‘एक्स’ अनेकदा मजकुराऐवजी लॉग-इनचे पान दाखवतात. जुन्या पोस्टलाही तेच पान आले तर नवी पोस्ट काढली गेली, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा वेळी पेजशी संबंध नसलेल्या, पेजला फॉलो न करणाऱ्या व्यक्तीच्या खात्यातून पाहावे. ही तपासणी संगणकावर आपोआप करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. नसलेल्या पानासाठी सर्व्हर ‘४०४’ हा आकडा देतो असे मानले जाते, पण लॉग-इनचे पान किंवा ‘मजकूर उपलब्ध नाही’ असे सांगणारे पानही ‘२००’ म्हणजे ‘सर्व ठीक’ हा आकडा देऊ शकते. म्हणून नुसता आकडा न पाहता पानावर पोस्टमधील एखादे वाक्य प्रत्यक्ष सापडते का, हे पाहावे लागते.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा, अंबरनाथमधील एका स्थानिक पेजने शुक्रवारच्या पाणीबंदीची सूचना गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता फेसबुकवर जाण्यासाठी लावून ठेवली. ७.१५ वाजता खासगी खिडकीत पोस्ट दिसली. ९.३० वाजता त्याच लिंकवर `This content isn't available right now` असा संदेश आला. महिन्यापूर्वीची पोस्ट मात्र त्याच खिडकीत उघडली. म्हणजे लॉग-इनची भिंत किंवा नेटवर्क हे कारण नाही.

हा संदेश एकाच वेळी अनेक शक्यता सांगतो. पोस्ट काढली गेली असेल, ती मोजक्याच लोकांपुरती ठेवलेली असेल किंवा ती कोणाला दिसावी हे नंतर बदलले असेल. इथे १५ मिनिटांनी केलेली पहिली तपासणी उपयोगी पडते. पोस्ट वेळ लावतानाच चुकीच्या वाचकवर्गासाठी ठेवली गेली असती, तर ती ७.१५ लाही दिसली नसती. पोस्ट टाकणारे अ‍ॅप ‘डेव्हलपमेंट मोड’मध्ये राहिले असते, तरीही हेच घडले असते. अशा अ‍ॅपमधून गेलेल्या पोस्ट फक्त त्या अ‍ॅपशी जोडलेल्या खात्यांना दिसतात. ७.१५ ला पोस्ट दिसली, म्हणजे बदल त्यानंतर झाला. पेजच्या इतर चालकांनी ती हटवली नसल्याची खात्री करून घेतली की प्लॅटफॉर्मकडेच बोट जाते.

पुढची पायरी परदेशातील ओळखीच्या व्यक्तीला लिंक पाठवण्याची. उल्हासनगरातल्या कुणाचे नातेवाईक दुबईत असतील तर त्यांनी दोन मिनिटांत सांगता येईल. तिथे पोस्ट दिसली तर ती भारतापुरती रोखली आहे. तिथेही नाही दिसली, तर ती सर्वांसाठीच गेली आहे.

आता समजा शुक्रवारी सकाळी ८ वाजता पोस्ट पुन्हा दिसू लागली. फक्त सकाळी पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटले असते. प्रत्यक्षात ज्या रात्री लोकांनी पाणी भरून ठेवायला हवे होते, त्याच रात्री सूचना गायब होती. ९.३० चा स्क्रीनशॉट नसेल, तर हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. स्क्रीनशॉटमध्ये वेळ आणि लिंकचा पत्ता दोन्ही दिसायला हवेत.

कमी लोकांनी पाहिली, म्हणजे रोखली का?

नाही. पोस्ट कोणाला दाखवायची हे अल्गोरिदम ठरवतो आणि प्रत्येक पोस्टचा आकडा वेगळा येतो. एका पोस्टवरून काहीच ठरत नाही. त्याच विषयाच्या, त्याच वेळेच्या मागील दहा पोस्टशी तुलना करावी आणि फॉलोअर नसलेल्यांचा वाटा एकदम शून्याजवळ आला का ते पाहावे. इन्स्टाग्रामच्या ‘अकाउंट स्टेटस’ या विभागात आपला मजकूर फॉलोअर नसलेल्यांना सुचवला जाऊ शकतो की नाही, हे दिसते. त्यापलीकडे प्रसार रोखल्याचा पक्का पुरावा बाहेरून मिळणे अवघड असते.

स्थानिक कारणेही लक्षात घ्यावी लागतात. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या निषेधार्थ रेल रोको झाला आणि त्यानंतर शहरातील इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. वेळ लावलेली पोस्ट प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवरून जाते, त्यामुळे शहरात इंटरनेट नसले तरी ती प्रसिद्ध होते. वाचकांपर्यंत मात्र ती पोहोचत नाही. अशा दिवशीच्या घसरलेल्या आकड्यांचे खापर प्लॅटफॉर्मवर फोडणे चूक ठरेल.

त्याच प्रकरणातून आणखी एक मर्यादा समजते. पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र इतकेच नव्हे तर शाळा आणि परिसर यांवरून ओळख उघड करण्यासही मनाई आहे. अशी माहिती असलेली पोस्ट हटवली गेली, तर ती कारवाई कायद्याला धरून असू शकते. पोस्ट कधी आणि कोणासाठी गेली, हे तपासणीतून कळते. का गेली, हे कळत नाही.

मग दाद कुठे मागायची?

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधील नियम ४(८) नुसार मोठ्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून मजकूर हटवला, तर काही अपवाद वगळता वापरकर्त्याला आधी कारणासह कळवणे आणि हरकत घेण्याची संधी देणे अपेक्षित आहे. देशात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेले प्लॅटफॉर्म यात येतात. सूचना मिळाली नसेल तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्याने २४ तासांत पोच देणे आणि सर्वसाधारणपणे ७ दिवसांत निकाल देणे अपेक्षित असते. निकाल मान्य नसेल तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` या संकेतस्थळावर अपील करता येते. सरकारी आदेशाने रोखलेल्या मजकुराचा मार्ग मात्र वेगळा आहे. कलम ६९अ खालील आदेशांना गोपनीयतेचा नियम लागू असल्याने तिथे कारण कळणे अधिक कठीण होते.

या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : पोस्ट केव्हा दिसत होती आणि केव्हापासून दिसेनाशी झाली? त्याचे उत्तर देणारी नोंद त्याच दिवशी करावी लागते, कारण मागे जाऊन ती करता येत नाही.