पाच गुण आणि सातवा क्रमांक

गेल्या महिन्यात जालन्याला मुलांची एक बुद्धिबळ स्पर्धा पाहण्याचा योग आला. नातीला घेऊन सकाळच्या बसने अंबडहून निघालो आणि संध्याकाळी बक्षीस समारंभापर्यंत थांबलो. समारंभानंतर आमच्याच गावचे एक गृहस्थ मुलाचा हात धरून माझ्याजवळ आले. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते आणि वडिलांच्या आवाजात राग. "काका, आमच्या मुलाचे सहापैकी पाच गुण आणि त्या मुलीचेही पाचच. तिला दुसऱ्या क्रमांकाचा करंडक मिळाला आणि हा सातवा! तुम्ही आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेत. हा कुठला हिशेब?"

मी त्यांना बाकावर बसवले आणि भिंतीवरचा तक्ता वहीत उतरवून घेतला. हिशेब बरोबर होता. परंतु तो त्यांना स्पर्धेपूर्वी कोणी समजावून सांगितला नव्हता, ही उणीव खरी होती. नव्याने पट हाती घेतलेल्या मुलांच्या घरी हाच प्रश्न उद्या उभा राहील, म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

स्पर्धेत 64 मुले होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर 63 फेऱ्या लागतील. एका दिवसात होतात सहा. ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. 1895 साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे डॉ. ज्युलियस म्युलर यांच्या पद्धतीने स्पर्धा घेण्यात आली. म्हणून तिला स्विस पद्धत म्हणतात. तिचे मुख्य सूत्र असे की हरलेला खेळाडू बाहेर जात नाही, मात्र प्रत्येक फेरीत ज्याची त्याची गाठ शक्यतो आपल्याइतकेच गुण असलेल्याशी पडते. एकदा ज्याच्याशी डाव झाला, त्याच्याशी त्या स्पर्धेत पुन्हा खेळायचे नाही.

पहिल्या फेरीपूर्वी सर्वांची एक यादी होते. मानांकन असलेले खेळाडू मानांकनाच्या उतरत्या क्रमाने वर येतात. ज्यांना अद्याप मानांकन नाही, ते बहुधा नावाच्या आद्याक्षरानुसार खाली येतात. मग यादी मधोमध दुभागली जाते. पहिल्याची गाठ तेहतिसाव्याशी, दुसऱ्याची चौतिसाव्याशी. या मुलाचा क्रमांक होता 50, म्हणून त्याच्यासमोर 18 क्रमांकाचा अनुभवी खेळाडू आला. नवीन मुलाला पहिल्याच फेरीत बलवान प्रतिस्पर्धी मिळाला की "मुद्दाम केले" असे पालकांना वाटते. यात कोणाचा हात नसतो. यादी दुभागली की असेच होते.

दुसऱ्या फेरीत एक गुण असलेले एका गटात आणि शून्य गुण असलेले दुसऱ्या गटात येतात. प्रत्येक गट पुन्हा दुभागून जोड्या लागतात. गटातील संख्या विषम असेल तर एक खेळाडू खालच्या गटात उतरतो. मोहऱ्यांचा रंगही पाहिला जातो. सामान्यतः सलग तीन डाव एकच रंग दिला जात नाही आणि पांढऱ्या-काळ्या डावांतील फरक दोनपेक्षा अधिक वाढू दिला जात नाही. हे सारे संगणक करतो. पंच फक्त निकाल भरतात.

म्हणून पहिली फेरी हरल्याने स्पर्धा संपत नाही. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथी याने 2023 साली आईल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव गमावला होता. तरी 11 फेऱ्यांअखेर साडेआठ गुण मिळवून तो एकटाच अग्रस्थानी राहिला. मात्र 'एकटाच' या शब्दावर लक्ष असू द्यावे. गुण दुसऱ्या कोणाइतकेच झाले असते, तर त्या पहिल्या पराभवाचा परिणाम पुढे जाणवण्याची शक्यता होती. कशी, ते आता पाहू.

एकही डाव बरोबरीत सुटला नाही असे धरले, तर 64 खेळाडूंत सहा फेऱ्यांनंतर सहा गुण असलेला बरोबर एक खेळाडू उरतो. पाच गुण असलेले मात्र सहा असतात. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सर्व क्रमांक या सहा समान गुणांच्या मुलांत वाटायचे असतात आणि करंडक पहिल्या पाचांनाच होते. म्हणजे पाच गुण मिळवूनही दोघांनी रिकाम्या हाताने परतणे अटळ होते. प्रश्न इतकाच की कोणत्या दोघांनी.

यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी कसोटी म्हणजे बुकोल्झ गुण. जर्मनीच्या ब्रुनो बुकोल्झ यांनी 1932 मध्ये ती सुचवली. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्या सर्वांनी स्पर्धेअखेर मिळवलेल्या गुणांची बेरीज, एवढाच तिचा अर्थ. दोन पासबुकांत शिल्लक सारखीच असावी आणि ती कोणत्या व्यवहारांतून आली हे पाहावे, तसाच हा प्रकार.

आता तक्त्यावरील आकडे घेऊ. ती मुलगी पहिल्या पाच फेऱ्या जिंकली आणि शेवटच्या फेरीत स्पर्धेच्या विजेत्याकडून हरली. तिच्या सहा प्रतिस्पर्ध्यांचे अंतिम गुण फेरीच्या क्रमाने असे होते: 2, 3, 3.5, 4, 4.5 आणि 6. बेरीज 23.

आमच्या गावचा मुलगा पहिली फेरी हरला आणि पुढच्या पाचही जिंकला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे अंतिम गुण असे: 4, 1.5, 2.5, 3, 3.5 आणि 4. बेरीज 18.5.

दोघांचे विजय पाच-पाचच. पण मुलगी आरंभापासून अग्रभागी राहिली, म्हणून प्रत्येक फेरीत तिच्यासमोर तोवर न हरलेला खेळाडू बसला. मुलगा पहिल्या पराभवाने शून्याच्या गटात गेला आणि तेथून एकेक पायरी चढत आला. त्या पायऱ्यांवर भेटलेले खेळाडू तुलनेने कमी बळाचे होते. उशिरा झालेल्या पराभवापेक्षा लवकर झालेला पराभव बुकोल्झला सहसा महाग पडतो, त्याचे कारण हे.

अनेक स्पर्धांत याच कसोटीचे दुसरे रूप वापरतात. त्यात सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळून बेरीज करतात. पहिल्या फेरीत फारच दुबळा प्रतिस्पर्धी वाट्याला आला, तर त्याचा भुर्दंड खेळाडूवर पडू नये हा हेतू. तसे केले तरी मुलीचे 21 आणि मुलाचे 17 होतात. क्रम बदलत नाही.

ते गृहस्थ यावर म्हणाले, "पण समोर कोण येणार हे माझ्या मुलाने कुठे ठरवले?" हा आक्षेप मला मान्य आहे. बुकोल्झ हा पूर्ण न्याय नाही. तुमच्या मुलाचा क्रमांक काही अंशी इतरांच्या डावांवर ठरतो. त्याचा दुसऱ्या फेरीतील प्रतिस्पर्धी शेवटच्या फेरीत हरला, तर तुमच्या मुलाची बेरीजही एका गुणाने कमी भरते. म्हणूनच शेवटच्या पटावरील डाव संपेपर्यंत कोणाचाही क्रमांक निश्चित नसतो आणि आधीच घरी फोन करून "तिसरा आला" असे सांगू नये.

"मग दोघांना आपसांत का खेळवत नाहीत?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्यांनी दूरचित्रवाणीवर नागपूरच्या दिव्या देशमुखला पाहिले होते. जुलै 2025 मध्ये बाटुमी येथील महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्या विजयी झाली. त्यालाही टायब्रेकच म्हणतात. परंतु ती दोघींतील बाद पद्धतीची लढत होती आणि त्यासाठी वेगळा दिवस राखलेला होता. येथे सहा मुले समान गुणांवर होती, सभागृह संध्याकाळी रिकामे करायचे होते आणि परगावच्या मुलांना शेवटची बस गाठायची होती. अशा वेळी बेरजेवाचून उपाय नसतो. समान गुणांचे दोघे स्पर्धेत आधीच परस्परांशी खेळले असतील, तर काही ठिकाणी त्या डावाचा निकाल प्रथम पाहतात. कोणती कसोटी आधी आणि कोणती नंतर, हा क्रम स्पर्धेपूर्वी जाहीर करायचा असतो. माहितीपत्रकात तो नसेल, तर पालकांनी पहिल्या फेरीपूर्वीच पंचांना विचारावे. निकालानंतर विचारलेला तोच प्रश्न तक्रार ठरतो.

पालकांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी स्वतः ठेच लागून शिकलो. पूर्वी एका स्पर्धेत नातीने जिंकलेला डाव नोंदीत हरलेला म्हणून चढला. पुढच्या फेरीची यादी लागली तेव्हा ती चार पट खाली होती. "थकवा आला असेल, म्हणून सोपा डाव दिला असेल," असे काहीसे मीच तिला समजावले! फेरी संपल्यावर चूक ध्यानात आली. गुण दुरुस्त झाले. पण खेळून झालेली जोडी बदलणे शक्य नव्हते. प्रतिस्पर्धी कमी बळाचा ठरला आणि तिचे बुकोल्झ शेवटपर्यंत तुटीत राहिले. आयुष्यभर दिवसाअखेर जमा-खर्च ताळून पाहणाऱ्या माणसाने ती यादी मात्र वाचली नव्हती.

तेव्हा प्रत्येक फेरीनंतर मुलाच्या नावापुढील गुण पाहावेत आणि चूक असेल तर पुढची फेरी सुरू होण्यापूर्वी पंचांना शांतपणे सांगावे. बहुतेक स्पर्धांचे तक्ते chess-results.com या संकेतस्थळावर असतात. तेथे 17w1 असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ 17 क्रमांकाच्या खेळाडूशी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळून मिळवलेला विजय. 18b0 म्हणजे 18 क्रमांकाच्या खेळाडूशी काळ्या मोहऱ्यांनी खेळून झालेला पराभव. TB1, TB2 हे रकाने त्या स्पर्धेत ठरलेल्या कसोट्यांचे, त्यांच्या क्रमाने.

परतीच्या बसमध्ये तो मुलगा माझ्याशेजारीच बसला होता. माझ्या वहीतले सहा आकडे त्याने स्वतः दोनदा बेरजेस घेतले. मग म्हणाला, "आजोबा, म्हणजे मी जिंकलेले पाच डाव कमी पडले नाहीत. पहिला हरलेला डाव महाग पडला." अंबड येईपर्यंत तो 18 क्रमांकाच्या खेळाडूविरुद्धचा तो डाव आठवून आठवून मला सांगत होता.