तात्या, तुमचा व्हिडिओ टाकू का? : परवानगी मागणारे घरगुती पत्र

पत्रलेखनात आपण दोन कप्पे शिकतो. औपचारिक पत्रात विषय लिहायचा, मुद्द्याचे बोलायचे. अनौपचारिक पत्रात विषय नसतो, ख्यालीखुशाली असते, जिव्हाळा असतो. आज जे पत्र पाहणार आहोत ते दोन्ही कप्प्यांत थोडे थोडे बसते. आपल्याच नातेवाइकाचे चित्रीकरण आपण केले आहे, ते सर्वांना दिसेल अशा व्हिडिओत टाकायचे आहे आणि त्यासाठी त्यांची परवानगी हवी आहे. नाते घरचे आहे, पण काम विनंतीचे आहे. माझे मत आधीच सांगतो : मायना आणि भाषा घरची ठेवा, पण मागणी मात्र अर्जासारखी नेमकी करा.

नेमकी म्हणजे कशी, ते उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यात राहणारी एक मुलगी दिवाळीत गावी, हिवरे बाजारला गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव तुम्ही अभ्यासात वाचले असेलच. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने पाणी अडवले, पाण्याचा ताळेबंद मांडला, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी पाळली. त्याआधी दुष्काळामुळे लोक कामासाठी मुंबई-पुण्याला जात आणि गावात हातभट्ट्याही चालत. हे सारे आज उघड आहे, छापून आलेले आहे. आमच्या या मुलीने आपल्या चुलत आजोबांना, म्हणजे तात्यांना, ओसरीवर बसवून मोबाइलवर बोलते केले. तात्या पाण्यावर छान बोलले. मग बोलता बोलता म्हणाले, "आमच्या घरात पण भट्टी होती गं."

खरी अडचण इथेच आहे. गावात भट्ट्या होत्या ही गोष्ट गावाची, पण आमच्या घरात होती ही गोष्ट तात्यांची. नातीशी बोलताना ते मोकळे झाले, म्हणून अनोळखी माणसांसमोरही त्यांना ते चालेल असे होत नाही. 'त्यांनी कॅमेऱ्यासमोरच तर सांगितलं' असे मुले म्हणतात. पण चित्रीकरणाला दिलेली परवानगी आणि प्रसिद्ध करायला दिलेली परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीच्या काही कसोट्या आहेत. त्यानुसार संमती दबावाशिवाय दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, सगळे समजून दिलेली हवी आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे हवे. आजोबा-नातीच्या पत्रात कायद्याचे कलम कशाला, हे खरे. पण या कसोट्या घरातही तितक्याच खऱ्या आहेत.

आता पत्र पाहा.

पुणे,
दि. २० नोव्हेंबर

ती. तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुमची आणि काकूआजीची तब्येत बरी असेल. यंदा ज्वारी कशी आहे ते जरूर कळवा.

पत्र लिहायचे कारण असे. दिवाळीत तुमच्याशी ओसरीवर बोलले ते मी मोबाइलवर घेतले होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातून गावाच्या पाण्यावर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. तो यूट्यूबवर टाकावा असे वाटते. तिथे टाकला की ओळखीचे-अनोळखी कुणीही तो पाहू शकेल. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय टाकणार नाही.

व्हिडिओत तुम्ही दोन ठिकाणी दिसता. पहिल्या भागात तुम्ही पाऊस मोजून पिके कशी ठरवतात ते सांगता. दुसऱ्या भागात जुन्या दिवसांविषयी, आपल्या घराविषयी बोलता. या दोन्ही भागांना वेगवेगळे उत्तर दिले तरी चालेल. दुसरा भाग काढला तरी व्हिडिओ पुरा होतो. काकूआजी मागून चारा घेऊन जाताना दिसते, तिला मी वेगळे विचारणार आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी फोन करीन. त्याआधी व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर पाठवते, तो एकट्याने, सावकाश पाहा. 'नको' म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही, आणि कारणही विचारणार नाही. आज हो म्हणून पुढे मन बदलले, तर सांगा, मी यूट्यूबवरून काढून टाकीन. मात्र तोवर कुणी उतरवून घेतला असेल, तर तो परत आणणे माझ्या हातात नसेल. म्हणून नीट विचार करूनच सांगा.

काकूआजीला नमस्कार.

तुमची नात

पत्र साधे आहे, पण त्यातली तीन वाक्ये मी मुद्दाम तशी ठेवली आहेत.

पहिले, "आपल्या घराविषयी बोलता." इथे भट्टीचा शब्दसुद्धा नाही. का? वयस्कर माणसाला आलेले पत्र बहुधा घरातले दुसरेच कुणी वाचून दाखवते. सुनेला, नातवाला जे माहीत नाही ते परवानगी मागण्याच्या नादात आपणच फोडून बसू. नाजूक भागाची खूण अशी द्यावी की ज्याचे त्याला कळेल आणि वाचणाऱ्याला कळणार नाही. व्हिडिओ एकट्याने पाहा, हेही त्यासाठीच.

दुसरे, "दुसरा भाग काढला तरी व्हिडिओ पुरा होतो." हे वाक्य नसेल तर तात्यांना वाटेल, आपण नाही म्हटले तर पोरीची मेहनत वाया जाईल, आणि ते भिडेपोटी हो म्हणतील. भिडेने मिळालेली परवानगी ही परवानगी नव्हे. अर्थात, हे वाक्य खरे असेल तरच लिहा. त्या भागाशिवाय व्हिडिओ उभाच राहत नसेल, तर तसे प्रामाणिकपणे सांगा.

तिसरे, रविवारचा फोन. पुष्कळ मुले लिहितात, "आठ दिवसांत उत्तर आले नाही तर आपला होकार समजते." हे लिहू नका. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. कधी पत्र पोचलेले नसते, कधी नकार देणे जड जात असते. "आपण नाही म्हणणार नाही याची खात्री आहे" हे वाक्यही तसलेच. वाचायला गोड, पण त्यात नाही म्हणायची वाट बंद केलेली असते.

शेवटी क्रमाविषयी. आधी टाकू, मग सांगू, नको म्हणाले तर काढू, असे करू नका. यूट्यूबवर त्याच दुव्यावर दुसरी फाइल चढवता येत नाही. नको असलेला तुकडा तिथल्या तिथे कापता येतो, पण तोवर मूळ व्हिडिओ गावातल्या व्हॉट्सअॅप गटांत फिरलेला असतो. म्हणून आधी पत्र, मग फोन, मग व्हिडिओ. फोनवर जे ठरेल ते लगेच वहीत तारखेसह लिहून घ्या आणि त्यांना वाचून दाखवा.

तात्या पहिल्या भागाला हो आणि दुसऱ्याला नको म्हणाले, तर व्हिडिओ नऊ मिनिटांचा होईल. त्या तीन मिनिटांचे काय करायचे? तात्यांना विचारून घरच्यांसाठी जपून ठेवा, किंवा पुसून टाका. ठरवायचे त्यांनी.

आता स्वाध्याय : काकूआजीला असेच पत्र लिहा. ती व्हिडिओत बोलत नाही, फक्त दिसते. मग तिला काय काय सांगावे लागेल?