गौरीपूजनाची रजा भाद्रपदात नव्हे, डिसेंबरात मागा

गणेश चतुर्थीला सुट्टी मिळते, पण गौरीपूजनाला दुकान चालूच! तालुक्याच्या बाजारपेठेतली मोठी कापड दुकानं, शोरूम इथं दरवर्षी हाच वाद. घरात गौरी उभ्या असतात आणि सून काउंटरवर. आदल्या दिवशी रजा मागितली की मालक म्हणतो, 'सीझन आहे, जमणार नाही.'

चूक कुठं होते? मागण्याच्या वेळेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. म्हणजे गौरीपूजन यादीत हवं तर बोलणी डिसेंबरात व्हायला हवी. प्रत्यक्षात यादी मालकच लावतो, कुणी विचारत नाही.

यादीत नसेल तर आठ किरकोळ रजा आहेत, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. आधीच्या तिमाहीतल्या रजा वापरून झाल्या असतील आणि जुलै-ऑगस्टमध्ये आषाढी आणि राखीला दोन रजा गेल्या, तर सप्टेंबरातल्या गौरींना हातात काही उरत नाही. पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर असतं, तारीख पंचांगात आधीच कळते. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, बदली कोण उभं राहणार तेही लिहा.

अडचण एकच: कमी कामगारांच्या छोट्या दुकानांना हा कायदा पुरता लागू नाही. तिथं सगळं मालकाच्या मनावर.