पायांची आग थांबली म्हणजे बरं झालं असं नाही

मंडळी, आपल्यात दहा-पंधरा वर्षं साखर असलेले बरेच जण आहेत. दिवसभर काही वाटत नाही, पण रात्री पाठ टेकली की तळव्यांची आग आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही नको होतो. मग कोणी काशाची वाटी घासतं, तर कोणी होडीवर सरळ बर्फात पाय घालतं. हे बर्फाचं काम बंद करा, असं आम्ही स्पष्ट सांगतो. गरम पाण्याचंही तेच. साखरेने पायाच्या नसा खराब झाल्यावर गार-गरम किती, हे पायाला नीट कळत नाही. कातडी भाजते किंवा गारठून मरते आणि आपल्याला पत्ता नसतो.

आपल्यातल्या एका तांडेलाचं असंच झालं. वर्षभर पाय जळत होते, मग डाव्या पायाची आग आपोआप कमी झाली. ‘बरं झालं’ म्हणून तो खूश. खरं तर त्या पायाची जाणीवच गेली होती. गमबुटात शिंगाळ्याच्या काट्याचा तुकडा पडला, तो तळव्यात घुसला आणि हा दोन दिवस त्यावर चालला. दुखलंच नाही! मोज्यावरचा पुवाचा डाग बायकोने पाहिला म्हणून कळलं. बोट वाचलं, पण हंगामाचे शेवटचे दोन महिने घरी गेले.

दुखणं हीच आपली राखण असते. ती गेली की राखण डोळ्यांनी करावी लागते. जेटीवरून घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर घरच्यांना बघायला सांगा. चीर, फोड, लाली, एकाच जागची ऊब, बेचकीतली ओल, हे सगळं बघायचं. दोन मिनिटं पुरतात. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. घट्टा सुरीने कापू नका. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कारण खाऱ्या पाण्यातली जखम साखरवाल्याला लवकर चिघळते.

डॉक्टर तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून तपासतात. आपल्या तंगुसासारखाच, पण नेमक्या दहा ग्रॅम दाबाने वाकणारा. वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ही तपासायला सांगा, ते कमी झालं तरी मुंग्या येतात. आगीवर गोळ्या मिळतात, झोपही लागते, पण त्यांनी गेलेली जाणीव परत येत नाही. म्हणून गोळी चालू असली तरी पाय रोज बघायचेच.

बोटमालकांनाही एक सांगणं आहे. खलाशाला मापाचे गमबूट द्या, आणि पायाला जखम असलेल्याला बरी होईपर्यंत पाण्यात उतरवू नका. जेटीवरच्या नळाजवळ एक बाक आणि आरसा बसवावा, हा विषय आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.