अपघातात नुसती रक्ताची बाटली पुरत नाही. थंडी, आम्ल आणि न साकळणारं रक्त हेच घेतात जीव

ऊसतोडीचा हंगाम, रात्रीची वेळ, आणि रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून धडकलेली मोटारसायकल. असे अपघात गावोगावी होतात. समजा, ६० किलो वजनाच्या तरुणाचं मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलं. त्याच्या अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं दोन लिटर गेलं, म्हणजे जवळपास निम्मं.

जवळच्या दवाखान्यात भराभर सलाईन चढवलं जातं. ब्लड प्रेशर थोडा वेळ वर येतं, नातेवाईकांना धीर येतो. पण खरा धोका इथूनच वाढतो. सलाईन थंड असतं आणि त्यात रक्त साकळवणारं काहीच नसतं. उरलेलं रक्त आणखी पातळ होतं.

रक्त कमी पडलं की पेशींना ऑक्सिजन मिळत नाही आणि अंगात आम्ल साठतं. अंग गार पडतं. गार आणि आम्लयुक्त रक्त नीट साकळत नाही, म्हणून रक्तस्राव वाढतो आणि अंग आणखी गार पडतं. डॉक्टर याला जीवघेणं त्रिकूट म्हणतात. सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त पाझरू लागलं, की हे चक्र सुरू झालं असं समजावं.

मग रक्ताची पिशवी दिली तर? आज पिशवीत बहुतेक वेळा फक्त तांबड्या पेशी असतात. त्या ऑक्सिजन नेतात, रक्त थांबवत नाहीत. ते काम प्लाझ्मा आणि प्लेटलेटचं. म्हणून मोठ्या रक्तस्रावात तिन्ही सारख्या प्रमाणात देतात: सहा पिशव्या तांबड्या पेशी, तर सहा प्लाझ्मा आणि सहा प्लेटलेट.

उत्तर अमेरिकेतील १२ केंद्रांत ६८० जखमींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्या प्रमाणाच्या गटात पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने ९.२ टक्के रुग्ण दगावले, तांबड्या पेशी दुप्पट दिलेल्या गटात १४.६ टक्के. एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही.

तालुक्याची अडचण साठवणुकीची आहे. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ४२ दिवसांपर्यंत टिकतात. प्लेटलेट पाचच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवून. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळायला अर्धा तास लागू शकतो. म्हणून १०८ निघतानाच मोठ्या रुग्णालयाला फोन गेला, तर रुग्ण पोचेपर्यंत प्लाझ्मा तयार होतो. फोन न करता नेलं, तर तो अर्धा तास दारात जातो.

तोवर गावकऱ्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत. वाहती जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणं, आणि ओले कपडे काढून जखमीला घोंगडीत गुंडाळणं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं, पण ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे अपघात किती वाजता झाला, हे डॉक्टरांना नक्की सांगावं.