वर्गणीचा हिशेब पूर्ण हवा, गल्लीची वेळही

गणेशोत्सव मंडळाचा संदेश शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. त्यात कार्यक्रमपत्रिका असते, ‘सढळ हाताने मदत करा’ असते आणि खाली क्यूआर कोड. शेजाऱ्याला हवे असलेले मात्र त्यात क्वचितच सापडते.

आधी पैशांचे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. तिचा क्रमांक संदेशातच द्यायला हरकत नसावी. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे देण्याआधी नाव दिसते. ते मंडळाचे नसून एखाद्या कार्यकर्त्याचे असेल तर तिथेच थांबून विचारावे.

खरी गफलत जमेच्या बाजूला होते. समजा, गल्लीत १२० घरे आहेत आणि प्रत्येकाने ५०० रुपये दिले. वर्गणी झाली ६० हजार. जाहिरातीच्या कमानींचे ४० हजार आले, दानपेटीत १५ हजार निघाले. मंडप, ध्वनिक्षेपक, महाप्रसाद, मिरवणूक धरून खर्च १ लाख १० हजार. म्हणजे ५ हजार शिल्लक. पण फलकावर वर्गणी आणि खर्च एवढेच लिहिले, की ५० हजारांची तूट दिसते आणि पुढच्या वर्षी वर्गणी वाढवायला कारण मिळते. म्हणून हिशेबाची पहिली ओळ गेल्या वर्षीच्या शिलकीची हवी, कमानी आणि दानपेटीच्या ओळी वेगळ्या हव्यात. महाप्रसादाचा तांदूळ कुणी वस्तुरूपात दिला असेल तर तोही नोंदवावा, नाहीतर त्याचाच खर्च पुन्हा दाखवता येतो. पावतीपुस्तकांचे क्रमांक कुठून कुठपर्यंत वापरले, रद्द किती, हेही सांगावे. अर्थात, रोखीत घेतलेले आणि पावतीच न फाडलेले पैसे अशा हिशेबातही सापडणार नाहीत.

आता गल्लीचे. दहाही दिवस सारखी गर्दी नसते. स्थापना, महाप्रसाद आणि विसर्जन या तीन दिवशी गाड्या अडतात. ‘वाहने अन्यत्र लावून सहकार्य करावे’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. अन्यत्र म्हणजे कुठे? ‘महाप्रसादाच्या दिवशी सायंकाळी ५ ते रात्री ११ गल्ली बंद, गाड्या शाळेच्या मैदानात, मैदानाची परवानगी घेतली आहे’ असे लिहिले तर रात्रपाळीला निघणारा माणूस दुपारीच गाडी बाहेर काढून ठेवतो. रुग्णवाहिका कोणत्या टोकाने आत येईल आणि खुर्च्या हटवायला कोण उभा असेल, त्याचा फोन नंबरही द्यावा.

पत्रिकेतल्या ‘रात्री ९ नंतर ऑर्केस्ट्रा’ला शेवटची वेळ नसते, ही जुनीच सवय. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करायचा असतो. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच तो मध्यरात्रीपर्यंत चालतो. ते दिवस कोणते, हे पत्रिकेतच छापले तर परीक्षेला बसलेल्या मुलांच्या घरून मंडपात फोन येणार नाहीत.