क्विक स्कॅन की डीप स्कॅन? आधी फाइल कशी गेली ते बघा

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी नाहूरला राहणारा माझा मामेभाऊ कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड घेऊन आला. "दादा, डिलीट करायला गेलो आणि फॉरमॅट झालं." त्यात दीड दिवसाच्या गणपतीचे फोटो होते. एका रिकव्हरी सॉफ्टवेअरचा क्विक स्कॅन त्याने आधीच चालवला होता. दोन मिनिटांत निकाल आला आणि त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. त्याला वाटलं, फोटो कायमचे गेले. खरं तर त्याने चुकीचा स्कॅन निवडला होता.

कार्डावर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष फोटो, आणि दुसरी म्हणजे कुठला फोटो कुठे ठेवलाय याची यादी. एखादा फोटो डिलीट केला की फोटो तिथेच राहतो. यादीतल्या त्याच्या नोंदीवर फक्त 'ही जागा आता वापरायला हरकत नाही' अशी खूण होते. क्विक स्कॅन ही यादी वाचतो आणि अशा खुणा झालेल्या नोंदी शोधतो. म्हणून तो झटपट होतो, आणि फाइल मूळ नावानिशी, तारखेनिशी परत मिळू शकते. चुकून चार-पाच फोटो डिलीट झाले असतील आणि लगेच लक्षात आलं असेल, तर क्विक स्कॅन पुरतो.

कॅमेऱ्याचं फॉरमॅट मात्र साधारणपणे यादीच नवी कोरी करतं. मग क्विक स्कॅनला वाचायला उरतं काय? अशा वेळी डीप स्कॅन लागतो. तो यादीकडे न बघता कार्डाचा कण न् कण वाचतो आणि ओळखीच्या खुणा शोधतो. जेपेग फोटोची सुरुवात नेहमी `FF D8 FF` या बाइट्सनी होते. ती दिसली की 'इथून फोटो सुरू' असं तो धरतो. कार्ड 'फॉरमॅट करा' असा मेसेज देत असेल, तरी हाच उपाय.

याला वेळ लागतो, पण तो आधी काढता येतो. आमचा जुना कार्ड रीडर सेकंदाला २० एमबी वाचत होता. ६४,००० एमबी भागिले २० म्हणजे ३,२०० सेकंद, साधारण ५३ मिनिटं. आम्ही फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं आणि सापडलेलं सगळं लॅपटॉपवर सेव्ह केलं. त्याच कार्डावर सेव्ह केलं असतं, तर न सापडलेल्या फोटोंवरच नवे फोटो लिहिले गेले असते.

गणपतीचे बहुतेक फोटो मिळाले, पण नावं गेली होती. `recup_dir.1` अशा फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाच्या फाइल्स होत्या, त्यात मागच्या वर्षीचे जुने फोटोही मिसळलेले. फोटोच्या आत नोंदलेल्या तारखेवरून ते वेगळे करावे लागले. काही फोटो अर्धे करडे निघाले, कारण फॉरमॅटनंतर त्याने 'चेक करायला' नवे फोटो काढले होते. काही व्हिडिओ चाललेच नाहीत. मोठा व्हिडिओ कधी कधी तुकड्यांत साठवलेला असतो, आणि यादी नसली की तुकड्यांचा क्रम कळत नाही.

आता फोनचं बघू. मेमरी कार्डाचा खाचा नव्या फोनमधून गायब होतोय आणि त्याच वेळी 'डीप स्कॅन'वाली ॲप्स जोरात आहेत. पण फोनच्या आतल्या मेमरीवर हा प्रकार चालत नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं व्हर्जन घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, त्यामुळे मेमरीत `FF D8 FF` उघडं दिसतच नाही. शिवाय रूट न केलेल्या फोनमध्ये ॲपला कच्ची मेमरी वाचताच येत नाही. मग ते 'सापडलेले' हजारो फोटो कुठले? बहुतेक वेळा ते गॅलरीत असलेले फोटो किंवा त्यांची छोटी थंबनेल्स असतात. एक फोटो उघडून त्याचा साइज बघा. काही केबी असेल, तर ते थंबनेल आहे. पैसे भरू नका.

फोनमधला फोटो गेला तर आधी ट्रॅश बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस आणि न झालेला ३० दिवस राहतो. फोनमधलं कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलेलं असेल, तर तेही एन्क्रिप्टेडच असतं. ते रीडरमध्ये टाकून डीप स्कॅन केला, तरी हाती काही लागत नाही.

साध्या कार्डातून फाइल गेली, तर कार्ड लगेच बाहेर काढा. नुसतं डिलीट झालं असेल तर आधी क्विक. फॉरमॅट झालं असेल, किंवा क्विकला सापडलेली फाइल उघडत नसेल, तर डीप. फक्त कार्ड मध्येच डिस्कनेक्ट होत असेल, तर एकामागून एक स्कॅन मारू नका. आधी एकदाच पूर्ण कार्डाची इमेज लॅपटॉपवर घ्या आणि पुढचे स्कॅन त्या इमेजवर चालवा. मरायला टेकलेलं कार्ड ५३ मिनिटांचं वाचन दोनदा सहन करेलच असं नाही.